प्रश्नावली तीच, माणसं वेगळी: फॅक्टर ॲनालिसिस केव्हा करायचं?

स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांची किंवा जोडीदाराची घरी काळजी घेणाऱ्या माणसांवर किती ताण असतो, हा एका संशोधिकेचा पीएच.डी.चा विषय. मोजमापासाठी त्यांनी ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ची दहा प्रश्नांची आवृत्ती, म्हणजे पीएसएस-१०, निवडली होती. काही बदल करून प्रश्नावली छापली होती, तीस जणांवर पायलटही झाला होता. माझ्याकडे त्या एकच प्रश्न घेऊन आल्या. “सर, स्केल तर व्हॅलिडेटेड आहे. मग फॅक्टर ॲनालिसिस परत करायचं का? गाइड म्हणतात कराच, कमिटीतले एक सर म्हणतात काही गरज नाही.”

फॅक्टर ॲनालिसिस म्हणजे कोणत्या प्रश्नांची उत्तरं एकत्र हलतात ते पाहून प्रश्नांचे गट तपासणं. गाइड आणि कमिटीतले सर, दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते ठरतं दोन गोष्टींवर: मूळ प्रश्नावलीत नेमकं काय बदललं आणि शेवटी कोणता गुण काढून तो कशासाठी वापरायचा आहे. या दोन गोष्टी कागदावर मांडेपर्यंत मी सॉफ्टवेअर उघडतच नाही. (व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून इथे तपशील बदलले आहेत, आणि विश्लेषणातले आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.)

आधी स्केलविषयी थोडं. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही प्रश्नावली १४ प्रश्नांची म्हणून मांडली. १९८८ साली कोहेन आणि विल्यमसन यांनी अमेरिकेतल्या २,३८७ प्रौढांच्या नमुन्यावर ती तपासली आणि कमकुवत ठरलेले चार प्रश्न गाळून दहांची आवृत्ती केली. प्रत्येक प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतो आणि उत्तर ० ते ४ या पाच पायऱ्यांवर द्यायचं असतं. सहा प्रश्न त्रासाबद्दलचे आहेत: अचानक काही घडल्याने अस्वस्थ वाटलं का, अडचणींचा डोंगर झाला असं वाटलं का, वगैरे. चार प्रश्न (४, ५, ७ आणि ८) उलट बाजूचे, म्हणजे सगळं हाताळता येतंय असा विश्वास वाटला का, या प्रकारचे. त्यांचे गुण उलटवून मग बेरीज होते, ० ते ४०. त्या १९८८च्या कामातही फॅक्टर ॲनालिसिसमध्ये दोन गट निघाले होते, एक त्रासाच्या प्रश्नांचा आणि एक विश्वासाच्या. पण ताण मोजण्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा नाही असं म्हणून कर्त्यांनी एकच बेरीज ठेवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपलं पुढचं सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरणार आहे.

दोन प्रती शेजारी-शेजारी

मी मूळ प्रत आणि त्यांची छापील प्रत शेजारी ठेवायला सांगितली. पाच बदल दिसले. ‘गेल्या महिन्यात’च्या जागी ‘गेल्या आठवड्यात’ आलं होतं. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला ‘रुग्णाची काळजी घेण्यामुळे’ हे शब्द जोडले होते. पाचवा प्रश्न, म्हणजे गोष्टी आपल्या मनाप्रमाणे घडताहेत असं वाटलं का हा, काढून टाकला होता, कारण पायलटमध्ये दोघातिघांना तो टोचला. पाच पर्यायांचे तीन झाले होते. आणि शेवटी स्वतःचे तीन प्रश्न जोडले होते: झोपमोड, पैशाची ओढाताण आणि नातेवाइकांचं सहकार्य.

प्रत्येक बदलामागे कारण होतं आणि एकेकटं पाहिलं तर ते पटण्यासारखंही होतं. अडचण अशी की पाचही एकत्र केल्यावर हातात जे उरतं, त्याला पीएसएस-१० म्हणता येत नाही. ‘व्हॅलिडेटेड’ हे प्रश्नावलीच्या नावाला कायमचं चिकटलेलं विशेषण नव्हे. अमुक प्रश्न, अमुक पर्याय, अमुक प्रकारची माणसं आणि गुणांचा अमुक वापर, एवढ्यांच्या जोडीबद्दल कुणीतरी गोळा केलेला तो पुरावा असतो. जोडीतली एक बाजू हलली की त्या बाजूपुरता पुरावा नव्याने लागतो.

यातला सर्वांत महाग बदल कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण काढलेल्या प्रश्नाकडे बोट दाखवतील. माझ्या मते तो होता ‘काळजी घेण्यामुळे’ हा जोड. पीएसएस मुद्दाम सर्वसाधारण ठेवलेलं आहे, ते ताणाचं कारण विचारतच नाही. जोड लावला की उत्तर देणाऱ्याला आधी अस्वस्थता आठवायची आणि मग तिचं कारण मनातल्या मनात वेगळं काढायचं, अशी दुहेरी कसरत करावी लागते. शिवाय ज्यांच्या घरी असा रुग्ण नाही त्यांना हा प्रश्न विचारताच येत नाही, म्हणजे तुलनेची दारं बंद. काळजी घेण्याचाच भार मोजायचा असेल तर त्यासाठी झॅरिट यांची २२ प्रश्नांची मुलाखत आधीपासून उपलब्ध आहे. पीएसएसला वाकवून ती तयार करण्यात काहीच हशील नाही.

जोडलेल्या तीन प्रश्नांची गोष्ट वेगळी. संशोधिकेचं एक गृहीतक असं होतं की पैशाची ओढाताण जितकी जास्त तितका ताण जास्त. आता ‘पैशाची ओढाताण’ हा प्रश्न ताणाच्या बेरजेतच घातला, तर पुढे दोघांत सहसंबंध निघणारच, कारण एकच गोष्ट समीकरणाच्या दोन्ही बाजूंना बसवली आहे. नातेवाइकांचं सहकार्य हेही ताणाचं कारण, आणि झोपमोड बहुधा परिणाम. ताण मोजणाऱ्या बेरजेत कारणं आणि परिणाम मिसळले की ती बेरीज नेमकी कशाची हे सांगता येत नाही. फॅक्टर ॲनालिसिस हे पकडून देईलच असं नाही. उलट कारणं आणि परिणाम ताणाशी चांगले जोडलेले असल्यामुळे या प्रश्नांचे लोडिंग, म्हणजे प्रश्न आपल्या फॅक्टरशी किती घट्ट जोडलेला आहे ते सांगणारे आकडे, छान येण्याचीच शक्यता जास्त. आकडे इथे वाचवत नाहीत, विषयाची समज वाचवते.

बोलणं होऊन ठरलं ते असं. महिना परत आणायचा, जोड काढायचा, पाचवा प्रश्न परत घ्यायचा. तीन नवे प्रश्न ठेवायचे, पण वेगळ्या पानावर, वेगळे चल म्हणून, बेरजेबाहेर. राहिला प्रश्न पर्यायांचा. तीन पर्याय करण्यामागचं कारण खरं होतं: सहभागींपैकी बरेच जण कमी शिकलेले किंवा वयस्क, प्रश्नावली तोंडी विचारली जाणार, आणि पाच पर्याय वाचून दाखवेपर्यंत पहिला विसरला जातो. यावर पर्याय कमी करण्यापेक्षा प्रश्न दोन टप्प्यांत विचारणं बरं. आधी ‘असं झालं का?’ नाही म्हटलं तर शून्य. हो म्हटलं तर ‘क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा की सारखंच?’ असं, चढत्या पट्ट्यांचं कार्ड समोर ठेवून. पाच पायऱ्या शाबूत राहतात. हाही बदलच आहे, नाही असं नाही. पण बेरजेची कक्षा बदलून प्रकाशित झालेल्या कुठल्याच आकड्याशी नातं न ठेवण्यापेक्षा तो परवडतो.

आकड्यांच्या आधी ऐकणं

आता उरलेले बदल दोनच: माणसं वेगळी आणि विचारण्याची पद्धत वेगळी. इथे फॅक्टर ॲनालिसिसवर उडी मारायचा मोह होतो. पण प्रश्न लोकांना कळतो का, हे फॅक्टर ॲनालिसिस सांगत नाही. ते फक्त उत्तरं एकमेकांबरोबर कशी हलतात ते सांगतं. दहाच्या दहा प्रश्न सगळ्यांनी एकाच पद्धतीने चुकीचे समजून घेतले, तरी मॉडेल सुंदर बसू शकतं.

म्हणून आधी आठ-दहा जणांच्या संज्ञानात्मक मुलाखती. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग विचारायचं: ‘हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं? प्रश्न तुमच्या शब्दांत सांगाल का? गेल्या महिन्यातला कोणता प्रसंग आठवला?’ शिकलेले-कमी शिकलेले, पुरुष-स्त्रिया, मुलं-जोडीदार असे सगळे प्रकार त्यात यायला हवेत. या टप्प्यावर संख्येपेक्षा वैविध्य कामाला येतं.

त्रासाच्या सहा प्रश्नांवर फारसं काही हाती लागलं नाही, ते सरळ कळत होते. गंमत चौथ्या प्रश्नावर झाली. स्वतःच्या वैयक्तिक अडचणी हाताळता येतील असा विश्वास वाटला का, असं विचारल्यावर एक बाई म्हणाल्या, “माझ्या कुठल्या अडचणी? आता सगळ्या यांच्याच.” आणि त्यांनी ‘सारखंच’ असं उत्तर दिलं. म्हणजे आपली वेगळी अशी अडचण शिल्लकच नाही, म्हणून विश्वास पूर्ण! गुण उलटवल्यावर या बाईंना त्या प्रश्नावर ताण शून्य. आणखी काहींनी विश्वासाचे चारही प्रश्न ‘करावंच लागतं’ या अर्थाने घेतले. वाटणं बाजूला राहिलं, कर्तव्याबद्दल उत्तर मिळालं.

चौथ्या प्रश्नाआधी एक छोटं वाक्य घालून (“आता तुमच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारते, रुग्णाच्या नाही”) बराच गोंधळ कमी झाला. कर्तव्याचा अर्थ मात्र पूर्ण गेला नाही. तो पुरावा म्हणून वहीत लिहून ठेवला, कारण आता आपल्याकडे एक नेमका संशय होता: या लोकांत विश्वासाचे चार प्रश्न त्रासाच्या सहा प्रश्नांबरोबर नीट हलत नसावेत. तसं असेल तर दहांची एकच बेरीज डळमळीत होते.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देता येतं. फॅक्टर ॲनालिसिस हवं, आणि ते ‘व्हॅलिडेशनला करतात’ म्हणून नव्हे. प्रबंधाचा मुख्य गुण दहा प्रश्नांच्या एका बेरजेवर उभा आहे, आणि ती बेरीज या माणसांत एकसंध आहे याबद्दल आपल्याला कारणासहित शंका आहे. याच संशोधिकेने हीच प्रश्नावली, एक अक्षर न बदलता, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वतः वाचून भरायला दिली असती, तर मी कमिटीतल्या सरांच्या बाजूने बोललो असतो. तशा नमुन्यांवर या स्केलची रचना इतक्यांदा तपासली गेली आहे की आणखी एकदा केल्याने काही नवं कळत नाही. विश्वसनीयता द्या, प्रश्नागणिक उत्तरांचं वाटप द्या, आणि पुढे चला.

अल्फा ०.८०, तरीही

पायलटच्या तीस जणांवर क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विश्वसनीयतेचा नेहमीचा आकडा, ०.८० आला होता. संशोधिकेला वाटत होतं की अल्फा चांगला म्हणजे प्रश्न एकच गोष्ट मोजतात. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहणं बरं.

समजा त्रासाच्या सहा प्रश्नांत आपापसांत सहसंबंध ०.५० आहे, विश्वासाच्या चारांतही (उलटवल्यावर) ०.५०, पण या गटातून त्या गटात फक्त ०.१०. म्हणजे दोन गट जवळपास परके. एकूण जोड्या ४५. गटांच्या आतल्या १५ आणि ६ मिळून २१, त्यांची बेरीज १०.५. गटांमधल्या २४, त्यांची बेरीज २.४. सरासरी सहसंबंध १२.९ भागिले ४५, म्हणजे साधारण ०.२९. आता प्रमाणित अल्फाचं सूत्र:

```
alpha = k*r / (1 + (k-1)*r)
      = 10*0.287 / (1 + 9*0.287)
      = 0.80
```

दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ, आणि अल्फा ०.८०. प्रश्नांची संख्या आणि सरासरी सहसंबंध एवढंच अल्फाला दिसतं, ते सहसंबंध कसे गटागटाने बसले आहेत हे दिसत नाही. ते पाहण्यासाठीच फॅक्टर ॲनालिसिस आहे.

दुसरी एक गोष्ट मी नेहमी तपासायला सांगतो, आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. प्रश्न न ऐकता सगळ्यांना एकच उत्तर देणारा माणूस या स्केलवर कुठे पडतो? दहाही प्रश्नांना ‘बऱ्याचदा’ (३) म्हणणाऱ्याचे त्रासाचे १८ आणि उलटवलेले ४, एकूण २२. सगळ्यांना ‘सारखंच’ (४) म्हणणाऱ्याचे २४, सगळ्यांना ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याचे १६. म्हणजे असा माणूस १६ ते २४ मध्येच अडकतो. ‘मध्यम ताण १४ ते २६’ अशी जी विभागणी बऱ्याच ठिकाणी फिरते, तिच्या तो बरोबर मध्यभागी येतो. (ही विभागणी कोहेन यांनी दिलेली नाही. पीएसएस हे निदानाचं साधन नाही आणि त्याला अधिकृत कट-ऑफ नाहीत.) तोंडी मुलाखतीत दमलेली, विनयाने ‘हो हो’ म्हणणारी माणसं जास्त असली तर निष्कर्ष निघतो की बहुतेकांना मध्यम ताण आहे! असे लोक शोधायला उलटवण्याआधीची कोरी उत्तरं बघायची. तिसरा प्रश्न (घाबरल्यासारखं, ताणलेलं वाटलं का) आणि आठवा (सगळं आवाक्यात आहे असं वाटलं का), दोन्हींना ४ किंवा दोन्हींना ० देणारे किती, ते मोजायचं.

कोणतं फॅक्टर ॲनालिसिस, किती जणांवर

गाइडनी सांगितलेली कृती ठरीव होती: एसपीएसएसमध्ये प्रिन्सिपल कॉम्पोनंट्स, व्हॅरिमॅक्स रोटेशन, आयगेनव्हॅल्यू एकपेक्षा मोठे तेवढे फॅक्टर, आणि हे सगळं पायलटच्या तीस जणांवर. यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे आणि इथे जवळपास प्रत्येक गैरलागू.

तीस जणांचं काय होतं ते पाहा. नमुन्यात दोन प्रश्नांचा सहसंबंध ०.३० आला, तर ९५ टक्के विश्वासांतर साधारण उणे ०.०७ ते ०.६०. संबंध नाही इथपासून घट्ट आहे इथपर्यंत काहीही. अशा ४५ डळमळीत आकड्यांमधून फॅक्टर काढले तर ते पुढच्या तीस जणांत पुन्हा दिसण्याची खात्री देता येत नाही. २२० जण असले तर तेच अंतर ०.१७ ते ०.४२ इतकं आवळतं. ‘दर प्रश्नाला दहा माणसं’ हा नियम सगळे सांगतात, मला तो फारसा आवडत नाही. लोडिंग मोठे आणि प्रत्येक फॅक्टरला चार-सहा प्रश्न असतील तर कमी माणसांतही भागतं, लोडिंग ०.४० च्या आसपास असतील तर चारशेही अपुरे वाटतात. या प्रकरणात दोन फॅक्टर, सहा आणि चार प्रश्न, क्रमवाचक उत्तरं, म्हणून दोनशेच्या वर असं ठरवलं. पायलट हा वेळ, भाषा आणि कार्ड तपासण्यासाठी. त्यावर फॅक्टर ॲनालिसिस करायचंच नाही.

अन्वेषणात्मक की पुष्टीकारक? आपल्याला रचना शोधायची नव्हती. एक गट की दोन, हा वाद आधीपासून मांडलेला होता आणि कोणता प्रश्न कुठे बसतो हेही माहीत होतं. म्हणून पुष्टीकारक, म्हणजे सीएफए. अन्वेषणात्मक पद्धत मी तेव्हा सुचवतो जेव्हा प्रश्न नव्याने लिहिलेले असतात, बरेच काढले-घातलेले असतात, किंवा सीएफए इतकं फसतं की जुनी रचना सोडूनच द्यावी लागते. तेव्हाही आयगेनव्हॅल्यूच्या नियमाऐवजी पॅरलल ॲनालिसिस (तो नियम गरजेपेक्षा जास्त फॅक्टर काढतो), आणि व्हॅरिमॅक्सऐवजी तिरकं रोटेशन, कारण ताणाच्या दोन बाजू एकमेकींशी संबंधित असणार हे आपणच गृहीत धरतो आहोत. मग मिळालेली रचना त्याच लोकांवर सीएफए करून ‘सिद्ध झाली’ म्हणू नये. त्याला दुसरा नमुना लागतो.

आरमधल्या लावान पॅकेजमध्ये काम एवढंच:

```r
library(lavaan)
m1 <- 'taan =~ p1+p2+p3+p4+p5+p6+p7+p8+p9+p10'
m2 <- 'traas =~ p1+p2+p3+p6+p9+p10
       vishwas =~ p4+p5+p7+p8'
f1 <- cfa(m1, data=d, ordered=TRUE, estimator="WLSMV")
f2 <- cfa(m2, data=d, ordered=TRUE, estimator="WLSMV")
lavTestLRT(f1, f2)
summary(f2, fit.measures=TRUE, standardized=TRUE)
```

`ordered=TRUE` हे विसरायचं नाही. पाच पायऱ्यांची उत्तरं, तीही एका टोकाला झुकलेली, सलग संख्या समजून चालवली तर लोडिंग प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतात. आधी प्रत्येक प्रश्नाचं वाटपही बघायचं. एखादा पर्याय दोघातिघांनीच निवडला असेल तर अंदाज डळमळतो आणि शेजारचा पर्याय त्यात विश्लेषणापुरता मिसळावा लागतो.

मॉडेल किती नीट बसतं ते सीएफआय आणि आरएमएसईए हे निर्देशांक सांगतात, पहिला मोठा हवा आणि दुसरा लहान. निकाल असा आला: एका फॅक्टरच्या मॉडेलचा सीएफआय ०.८५, आरएमएसईए ०.१५. दोन फॅक्टरच्या मॉडेलचा सीएफआय ०.९७, आरएमएसईए ०.०७. प्रत्येक प्रश्नाचं लोडिंग आपापल्या फॅक्टरवर ०.५० च्या वर, फक्त चौथ्याचं ०.३८. दोन फॅक्टरांमधला सहसंबंध (गुण उलटवल्यावर) ०.२५. हू आणि बेंटलर यांनी १९९९ साली सुचवलेल्या सीएफआय ०.९५ आणि आरएमएसईए ०.०६ या मर्यादा सगळे मंत्रासारखे म्हणतात. पण त्या सलग संख्यांच्या, वेगळ्या पद्धतीच्या मॉडेलवर काढलेल्या आहेत आणि क्रमवाचक उत्तरांच्या मॉडेलमध्ये हेच निर्देशांक अनेकदा वाजवीपेक्षा गोड दिसतात. म्हणून मी ०.९७ पाहून खूश होत नाही. माझं लक्ष ०.२५ वर जातं. दोन गोष्टींमध्ये इतकाच संबंध असेल तर त्यांची बेरीज करून एक आकडा काढण्याला आधार राहत नाही, मॉडेल कितीही छान बसो.

दोन फॅक्टर म्हणजे दोन गोष्टीच का?

इथे घाई झाली असती तर प्रबंधात ‘काळजी घेणाऱ्यांमध्ये ताण द्विमितीय असतो’ असं ठसठशीत वाक्य गेलं असतं. पण पीएसएस-१० ची एक गोम आहे. त्यातला प्रत्येक उलट प्रश्न विश्वासाबद्दल आहे आणि प्रत्येक सरळ प्रश्न त्रासाबद्दल. आशय आणि वाक्याची दिशा अगदी एकमेकांना चिकटलेली आहे. म्हणून दोन फॅक्टर निघतात तेव्हा ते दोन वेगळ्या अनुभवांमुळे निघाले की ‘हो’ म्हणायच्या सवयीमुळे, हे फक्त या दहा उत्तरांतून ठरवता येत नाही. पद्धतीचा वेगळा फॅक्टर घालून बघता येतं, पण ते मॉडेल आणि दोन फॅक्टरचं मॉडेल जवळपास सारखंच बसतं. निवाडा बाहेरून आणावा लागतो.

आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, शिक्षणानुसार नमुना दोन भागांत केला. जास्त शिकलेल्यांत दोन फॅक्टरांमधला सहसंबंध ०.५० च्या वर, कमी शिकलेल्यांत शून्याच्या आसपास. कोऱ्या उत्तरांत तिसऱ्या आणि आठव्या प्रश्नाला एकसारखं टोक देणारेही कमी शिकलेल्यांत बरेच जास्त. हे उत्तर देण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवतं. दुसरी, घरात काळजीच्या कामात वाटेकरी किती, याच्याशी दोन्ही भागांचा वेगवेगळा संबंध. तो विश्वासाशी बऱ्यापैकी होता, त्रासाशी कमी. आणि जास्त शिकलेल्यांतही हेच चित्र होतं, जिथे ‘हो हो’चा प्रश्न फारसा नव्हता. हे खऱ्या फरकाकडे बोट दाखवतं. म्हणजे दोन्ही कारणं थोडी थोडी. समाधानकारक उत्तर नाही, पण खरं तेवढंच होतं.

निर्णय व्यवहाराने झाला. मुख्य गुण म्हणून त्रासाच्या सहा प्रश्नांची बेरीज (० ते २४), विश्वासाची बेरीज वेगळी आणि कमी शिकलेल्यांसाठी सावधगिरीच्या टिपेसह, आणि दहांची एकूण बेरीज फक्त परिशिष्टात, इतरांना तुलना करायची असेल तर. चौथा प्रश्न लोडिंग कमी म्हणून काढावा का, असं गाइडनी विचारलं. मी नको म्हटलं. लोडिंग ०.३८ असण्याचं कारण मुलाखतींत सापडलेलं होतं, तो प्रश्न काढला तर विश्वासाचे तीनच राहतात, आणि एका नमुन्यावरून प्रश्न गाळत गेलं की प्रत्येक संशोधकाचं वेगळं स्केल तयार होतं. मॉडिफिकेशन इंडेक्स पाहून दोन प्रश्नांच्या त्रुटी जोडून फिट वाढवण्याचा सल्लाही आला होता, त्यालाही हेच उत्तर.

जिथे करायचंच नव्हतं

उत्साहाच्या भरात संशोधिकेने आणखी एक फाइल उघडली. काळजीच्या कामांची यादी: आंघोळ घालणं, भरवणं, औषधं देणं, रात्री उठणं, डॉक्टरकडे नेणं, पैशाचे व्यवहार, अशी बारा कामं, प्रत्येकाला हो किंवा नाही. “याचा अल्फा ०.५२ येतोय सर, फॅक्टरही नीट पडत नाहीत. कुठली कामं काढू?”

एकही नाही. ताणाच्या प्रश्नांमध्ये गृहीत असं असतं की आत एक ताण आहे आणि तो उत्तरांना हलवतो, म्हणून उत्तरं एकत्र हलली पाहिजेत. कामांच्या यादीत बाण उलटा आहे: कामं मिळून भार बनतो. जो आंघोळ घालतो त्याने पैशाचे व्यवहार पाहिलेच पाहिजेत असं काही नाही. घरात काम वाटून घेतलं असेल तर एक करणारा दुसरं करत नाही, आणि सहसंबंध उणेही येईल. इथे अल्फा कमी असणं हा दोष नाही, आणि ‘न बसणारं’ काम काढलं तर भाराचा तेवढा तुकडा मोजमापातून गळतो. या यादीसाठी विचारायचं ते एवढंच की कुठलं महत्त्वाचं काम सुटलं आहे का, आणि ते काळजी घेणाऱ्यांना आणि जाणकारांना विचारून कळतं. त्यांना विचारल्यावर यादीत एक काम वाढलं: रुग्ण घराबाहेर निघून जाऊ नये म्हणून लक्ष ठेवणं.

शेवटी कमिटीने एक मागणी केली. काळजी घेणाऱ्यांची सरासरी सर्वसाधारण प्रौढांच्या प्रकाशित सरासरीशी ताडून ‘किती जास्त ताण’ ते सांगा. त्याला नाही म्हणावं लागलं. सरासऱ्यांची तुलना करायची तर दोन्ही गटांत लोडिंगही सारखे आणि उत्तरांच्या पायऱ्यांचे उंबरठेही सारखे आहेत हे दाखवावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या गटाचा मूळ डेटा हवा, तोही याच तोंडी, दोन टप्प्यांच्या पद्धतीने घेतलेला. छापील सरासरी आणि प्रमाण विचलन एवढ्यावर ते होत नाही. प्रबंधातले बाकीचे प्रश्न गटाच्या आतले होते: त्रासाचा पैशाशी, झोपेशी, मदतीशी संबंध काय. त्यांना ही चाचणी लागत नाही. फक्त स्त्री-पुरुष तुलना एक होती, तिच्यासाठी दोन गटांचं मॉडेल चालवलं. पुरुष ५८च होते, आणि इतक्यांवर उंबरठे नीट अंदाजता येत नव्हते. म्हणून त्या तुलनेत सरासऱ्यांचा फरक छापला, पण फरक ताणाचा की उत्तर देण्याच्या पद्धतीचा हे या नमुन्यातून ठरत नाही, असं त्याच परिच्छेदात लिहिलं. कमिटीने ते वाक्य काढायला सांगितलं नाही.